बंगल्याचं जुनं गेट: भोकं पडणारा पाइप, तुटणारी बिजागरी आणि रॉडची निवड

प्रश्न: "माझं छोटं वर्कशॉप आहे. एका बंगल्याचं जुनं एमएस गेट दुरुस्तीला आलंय. चौकट ४० बाय ४० चौकोनी पाइपची, खालचा पाइप गंजलाय, वरच्या बिजागरीचा वेल्ड दोनदा तुटलाय. ६०१३ चा ३.१५ लावला की पाइपला भोकं पडतात, २.५ लावला की बिजागरी तुटते. एकजण म्हणतो ७०१८ वापर. नक्की कोणता रॉड, किती एमएम?"

भोकं पडणं आणि बिजागरी तुटणं ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. दोन्हींचं औषध एकाच रॉडमध्ये शोधल्यामुळे घोळ होतोय. पाइपला भोक पडतं कारण तिथे लोखंड उरलेलंच नाही. बिजागरी तुटते कारण वेल्ड खालच्या लोखंडात उतरलेला नाही, किंवा उतरला असला तरी शेजारची पातळ भिंत रोज वाकून वाकून थकली आहे. यातल्या कुठल्याच ठिकाणी रॉड ताकदीला कमी पडलेला नाही, म्हणून ७०१८ आणून प्रश्न सुटणार नाही.

आधी ताकदीचा मुद्दा बघू, कारण तो स्पष्ट झाला की बाकीचं सोपं होतं. ६०१३ मधला ६० हा आकडा वेल्डच्या ताणशक्तीचा असतो. मेगापास्कलमध्ये ती किमान ४३० धरतात. आपण वापरतो त्या साध्या माइल्ड स्टीलची किमान ४१० असते. म्हणजे नीट चिकटलेला ६०१३ चा वेल्ड मूळ लोखंडापेक्षा थोडा सरसच असतो.

आता गेटवर येणारा भार बघा. तुमचा पल्ला दीड मीटर रुंद, ८० किलो वजनाचा आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर १.२ मीटर असं धरतो. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घाला. वजनाचा मध्य बिजागरीच्या रेषेपासून ७५ सेंटिमीटरवर येतो. ८० गुणिले ०.७५ भागिले १.२, म्हणजे वरची बिजागरी खांबापासून सुमारे ५० किलोने बाहेर ओढली जाते. ४० किलोचं एखादं पोर गेटच्या टोकाला लोंबकळलं तर त्यात आणखी ५० ची भर पडते. ही आडवी ओढ झाली. पल्ल्याचं उभं वजन वेगळं, ते दोन्ही बिजागऱ्यांत वाटलं जातं किंवा बसवणं चुकलं असेल तर एकीवरच येतं. आता पन्नास मिलिमीटर लांबीचा एकच वेल्ड घ्या, ज्याची आतली जाडी जेमतेम २ मिलिमीटर आहे. दर चौरस मिलिमीटरला १० किलो असा सावध हिशेब केला तरी तो हजार किलो पेलतो. लागतात शंभर-दोनशे. जो वेल्ड इतका जास्त पेलू शकतो तो दोनदा तुटला, तर तो मुळात जोडलेलाच नव्हता किंवा त्याच्या शेजारचा पाइप फाटला.

हे कोणतं झालं ते तुटलेली जागा बघून लगेच कळतं. आत्ताची बिजागरी टाकून देऊ नका. तुटलेला पृष्ठभाग वायर ब्रशने साफ करा आणि उजेडात धरा. वेल्डच्या पोटाला गुळगुळीत, चमकदार किंवा काळसर भाग दिसला आणि बिजागरीच्या पट्टीवर ग्राइंडरच्या जुन्या रेघा तशाच शाबूत असतील, तर तिथे लोखंड वितळलंच नव्हतं. रस वरून ओघळून थिजला एवढंच. मध्ये काचेसारखे काळे तुकडे अडकलेले दिसले तर स्लॅग आत राहिला. आणि वेल्ड बिजागरीला घट्ट धरून असेल, पण त्याच्या कडेने पाइपचा पत्रा फाटून बरोबर आला असेल, तर वेल्ड चांगला होता, पाइप हरला.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलं जास्त शक्य वाटतं. बिजागरीची पट्टी साधारण ८ मिलिमीटरची असते आणि पाइप १४ गेजचा, म्हणजे नवा असताना २ मिलिमीटरचा. २.५ चा रॉड पाइपला सोसेल अशा ६०–७० अँपिअरवर चालवला की पाइप वितळतो, पण जाडी पट्टी ती उष्णता गिळून टाकते आणि कडेला थंडच राहते. वरून वेल्ड छान जाड, फुगीर दिसतो. गेट लटकलेलं असताना वरून खाली ओढत वेल्ड केला असेल तर आणखी वाईट, कारण ६०१३ चा स्लॅग रसाच्या पुढे धावतो आणि पट्टी आणि रस यांच्यामध्ये जाऊन बसतो. पातळ पाइप एकमेकांना जोडताना ही खाली ओढायची पद्धत चालते, मीही वापरतो. जाड पट्टीवर ती वापरू नये.

म्हणून पहिलं काम म्हणजे गेट उतरवून घोड्यांवर आडवं टाका. बिजागरीचा जोड आडव्यात भरला की निम्मी अडचण संपते.

आता साईज. मी रॉडची जाडी ठरवतो ती जोडातल्या दोन तुकड्यांपैकी पातळ तुकड्यावरून, आणि तोही आज उरलेला. पाइप विकत घेताना किती गेजचा होता याला दुरुस्तीत अर्थ नाही. रॉडची तार त्या पातळ लोखंडापेक्षा फार जाड नसावी. दीड मिलिमीटरच्या खाली असेल तर २ मिलिमीटरचा रॉड, दीड ते साडेतीन-चार असेल तर २.५, म्हणजे आपला बारा नंबर. दोन्ही तुकडे ४ किंवा त्याहून जाड असतील तेव्हा ३.१५, दहा नंबर. ४ मिलिमीटरचा आठ नंबर रॉड या गेटला कुठेच लागत नाही. करंट साधारण तारेच्या दर मिलिमीटरला ३० ते ४० अँपिअर, म्हणजे २.५ ला ७० ते ९० आणि ३.१५ ला १०० ते १२५. पातळ पाइपवर खालच्या टोकाला राहायचं, जाड पट्टीवर वरच्या.

तुमचे ३.१५ ने भोक पडण्याचे प्रकार खालच्या पाइपवर झाले असतील तर नवल नाही. चौकोनी पाइपच्या गेटमध्ये पाणी वरच्या जोडांतून आत शिरतं, खाली साठतं आणि पाइप आतून सडतो. बाहेरून रंग बरा दिसतो आणि आत एक मिलिमीटरही उरलेला नसतो. त्यावर कुठलाही रॉड टिकणार नाही. सेंटर पंच घ्या आणि खालच्या पाइपवर दर दोन-तीन इंचांवर हातोडीने एकेक टोला मारत जा. चांगल्या लोखंडावर बारीक खूण उठते आणि आवाज खणखणीत येतो. सडलेल्या जागी पंच आत जातो किंवा पत्रा खळगा पडून बसतो. जिथे खणखणीत आवाज सुरू होतो त्याच्या पुढे आणखी दोन इंच सोडून कापा. बऱ्याचदा उभ्या पाइपचाही खालचा तीन-चार इंच भाग जातो, तोही त्याच वेळी बदला. कापल्यावर भिंतीची जाडी समोरच दिसते, व्हर्नियर लावून मोजून घ्या.

इथे एक धोका आहे. कापण्याआधी खालून एक भोक पाडून आतलं पाणी काढून टाका. बंद पाइपमध्ये पाणी असताना वेल्ड केला तर वाफ जोडातून बाहेर पडते, वेल्डला भोकं-भोकं येतात आणि कधी वितळलेला रस तोंडावर उडतो. दोन्ही टोकं बंद असलेला कोरडा पाइपसुद्धा तापला की आतली हवा फुगते आणि शेवटचा जोड मिटताना रस बाहेर फेकते. म्हणून वेल्ड करताना हवेला वाट हवीच. नंतर तीच भोकं पाणी जायला कामाला येतात.

नवा तुकडा १४ गेजचाच घ्या. जुन्या-नव्याच्या टोकांमध्ये फट एक मिलिमीटरच्या आत ठेवा. फट पाइपच्या भिंतीपेक्षा मोठी झाली तर ती रॉडने भरत बसू नका, तुकडा पुन्हा कापा. फटीत फ्लक्स झाडलेली रॉडची तार ठेवून वरून वेल्ड फिरवायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात तारेच्या दोन्ही बाजूंना स्लॅग अडकतो आणि वर्षभरात त्याच रेषेत चीर येते.

या जोडाला २.५ चा ६०१३, ६५ ते ७५ अँपिअर. मशीन इन्व्हर्टर असेल तर रॉड निगेटिव्हला लावा, पाइपमध्ये शिरकाव कमी होतो आणि भोकं पडण्याची भीती घटते. जुना ऑइलवाला एसी ट्रान्सफॉर्मर असेल तर हा पर्याय नाही, तिथे करंट कमी आणि हात भराभर. आधी चारही कोपऱ्यांवर टाके मारा, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून भरा, नाहीतर गेट पिळतं. जुन्या बाजूला भिंत दीड मिलिमीटरच्याही खाली दिसली तर सलग ओढू नका. एक ठिपका टाका, आर्क तोडा, लालपणा मंदावला की त्याच्या अर्ध्यावर दुसरा ठिपका. आर्क नेहमी जाड, नव्या बाजूवर धरून रस जुन्या बाजूला नेऊन टेकवायचा. त्याहीपेक्षा पातळ निघालं तर २ मिलिमीटरचा रॉड ५० अँपिअरच्या आसपास. पण खरं तर एवढ्या पातळ भिंतीवर जोड देण्यापेक्षा कापण्याची रेष आणखी वर सरकवा.

आता बिजागरी. बिजागरी थेट पाइपच्या चेहऱ्याच्या मध्यावर जोडू नका. वेल्ड पक्का झाला तरी ४० मिलिमीटर रुंदीचा तो पातळ चेहरा प्रत्येक उघडझापीला आतबाहेर वाकतो, आणि वेल्डच्या कडेला थकून फाटतो. मी तिथे ५ मिलिमीटर जाडीची पट्टी घालतो, पाइपच्या रुंदीपेक्षा किंचित कमी, म्हणजे ३५ मिलिमीटर, आणि लांबीला सव्वाशे ते दीडशे. पट्टीच्या लांब कडा पाइपच्या कोपऱ्यांजवळ येतात, आणि कोपरा मध्यासारखा वाकत नाही. बिजागरी या पट्टीवर बसते आणि ओढ पाइपच्या दोन्ही बाजूच्या भिंतींत उतरते. दोनदा तुटलेल्या जागी पाइपच फाटलेला असेल तर फाटलेला भाग कापून टाका. चिरेवरून नुसती पट्टी झाकू नका, चीर पट्टीच्या खालून पुढे सरकत राहते.

काम दोन टप्प्यांत करा आणि दोन वेगळे रॉड वापरा. आधी बाकावर बिजागरी पट्टीला जोडा. ८ आणि ५ मिलिमीटर, दोन्ही जाड, म्हणून ३.१५ चा ६०१३, ११० ते १२० अँपिअर, इथे वेल्डचा पाय ५ मिलिमीटर यायला हवा. पट्टी आडवी ठेवा, रॉड दोन्ही तुकड्यांना ४५ अंशांत आणि थोडा ओढीच्या दिशेला कलता. आर्क रॉडच्या जाडीपेक्षा लांब होऊ देऊ नका. पाइपचा संबंधच नसल्यामुळे भोकाची भीती नाही, करंट मोकळेपणाने देता येतो. मग ती तयार पट्टी पाइपवर टाके मारून बसवा, खालच्या बिजागरीशी दोरी किंवा सरळ रॉड धरून एकाच रेषेत आहे का ते बघा, आणि २.५ च्या रॉडने ८० अँपिअरच्या आसपास भरा. इथे पाइप पातळ आणि पट्टी जाड. आर्कचा रोख दोन-तृतीयांश पट्टीवर ठेवा आणि रस पाइपवर वाहू द्या. पट्टीच्या लांब कडा भरा. आडव्या दोन टोकांना पाइपच्या चेहऱ्यावर आरपार वेल्ड ओढायची गरज नाही, तिथेच चीर सुरू होण्याची शक्यता जास्त असते.

या सगळ्याआधी जुना वेल्ड ग्राइंडरने पूर्ण काढा, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. वेल्डच्या दोन्ही बाजूंना इंचभर रंग, रेड ऑक्साइड, गंज काहीही राहू देऊ नका. ६०१३ थोडा गंज सहन करतो असं म्हणतात, आणि ग्रिलच्या कामात ते चालून जातं, पण भार घेणाऱ्या जोडात नाही. पाइप जीआय असेल तर झिंक तेवढ्या भागातून घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

७०१८ वाईट रॉड नाही, मी तो ठेवतो. पण त्याचा फायदा जाड, जखडलेल्या जोडात किंवा कार्बन जास्त असलेल्या लोखंडात असतो, जिथे वेल्डमधल्या हायड्रोजनमुळे थंड झाल्यावर चीर येते. २ मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलच्या पाइपला तो प्रश्नच नाही. आणि तो नखरे फार करतो: त्याला शक्यतो डीसी मशीन, रॉड पॉझिटिव्हला, आर्क अगदी आखूड, आणि पाकीट उघडून दिवसभर बाहेर राहिलेला असेल तर ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यावा लागतो. भट्टी नसलेल्या वर्कशॉपमध्ये दमट ७०१८ चा वेल्ड कोरड्या ६०१३ पेक्षा वाईट निघतो. छोट्या इन्व्हर्टरवर तो पेटायलाही त्रास देतो आणि प्रत्येक टाक्यानंतर टोक फोडून घ्यावं लागतं. या गेटमध्ये एकाच ठिकाणी मी त्याचा विचार करेन: बिजागरीची पिन किंवा खालचा खुंटा ईएन८ सारख्या शाफ्टमधून कापलेला असेल तर. तिथे पिन टॉर्चने दीडशे अंशांपर्यंत तापवून कोरडा ७०१८ वापरा आणि हळूहळू थंड होऊ द्या. पाणी मारू नका. पिन साध्या एमएस बारची असेल तर तिथेही ६०१३ पुरतो.

६०११ बद्दलही कोणी सुचवेल. तो गंजातून खोल जातो हे खरं, पण तोच खोल जाणारा आर्क तुमच्या पाइपला भोकं पाडेल. साफ करता येणार नाही अशा जाड लोखंडासाठी तो आहे.

६०१३ सुद्धा कोरडा हवा, विशेषतः पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर. आर्क चरचरतोय, ठिणग्या खूप उडतात, वेल्डमध्ये टाचणीएवढी भोकं येतात, फ्लक्सवर पांढरी भुकटी दिसते, ही ओलीची लक्षणं. १०० ते १२० अंशांवर तासभर गरम केला की बहुतेक रॉड सुधारतो. ७०१८ च्या तापमानाला मात्र ६०१३ कधी भाजू नका, त्याच्या फ्लक्सला थोडी ओल लागतेच. फ्लक्स सुटून पडत असेल तर तो रॉड टाकून द्या.

करंटच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, माझ्यासुद्धा. तुमचं मशीन, संध्याकाळचा व्होल्टेज, लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर, अर्थची सैल क्लिप, यातलं काहीही डायलवरचे ११० खाली आणू शकतं. गेटला हात लावण्याआधी त्याच पाइपचा कापलेला तुकडा आणि ५ मिलिमीटरची पट्टी घ्या, ठरवलेल्या सेटिंगवर एका बाजूने पन्नास मिलिमीटर वेल्ड करा, थंड होऊ द्या. पट्टी व्हाइसमध्ये धरा आणि पाइपवर हातोडी मारत जोड उघडा. पाइप फाटला किंवा दुमडला आणि वेल्ड पट्टीला धरून राहिला तर सेटिंग बरोबर. वेल्ड सालीसारखा उचकटून आला आणि खाली पट्टीवर ग्राइंडरच्या रेघा दिसल्या तर पाच-दहा अँपिअर वाढवा आणि आर्क पट्टीकडे आणखी झुकवा. पाइपच्या कडेला नालीसारखा खळगा पडत असेल, किंवा रॉड संपत आला की लाल होत असेल, तर करंट जास्त आहे, उतरवा. रॉड चिकटतोय आणि वेल्ड दोरीसारखा उंच बसतोय, तर कमी आहे.

थोडक्यात, या कामासाठी ६०१३ चं २.५ चं एक पाकीट आणि ३.१५ चं एक पाकीट पुरेल, २ मिलिमीटरचे चार रॉड हाताशी असले तर बरं. खालचा पाइप आणि पट्टी ते पाइप २.५ ने, बिजागरी ते पट्टी ३.१५ ने.

काम झाल्यावर खालच्या पाइपच्या तळाला ६ ते ८ मिलिमीटरची दोन भोकं उघडी ठेवा आणि वरचे जोड सलग वेल्डने मिटवा, नाहीतर नवा पाइपही आतून तसाच सडेल. वेल्डवरचा स्लॅग पूर्ण काढल्याशिवाय प्रायमर मारू नका. स्लॅगखालचा गंज रंगाआडून सुरू होतो.

तुमचं मशीन एसी ट्रान्सफॉर्मर आहे की इन्व्हर्टर, आणि तुटलेल्या वेल्डच्या पोटाला नेमकं काय दिसतंय, ते कळवा. पाइपच फाटलेला निघाला तर पट्टीची लांबी आणि बिजागरीची जागा दोन्ही बदलावी लागेल.